फूल येतं, कॅप्शन येत नाही: दरवर्षीच्या अडचणीचा उलगडा

अडचण अशी आहे. बऱ्याच महिन्यांनी, कधी बऱ्याच वर्षांनी, कुंडीतल्या एखाद्या झाडाला फूल येतं. आपण हरखून फोटो काढतो, फोटोही चांगला निघतो. खाली दोन ओळी लिहायला घेतल्या की मात्र हाताशी तेच शब्द येतात: अखेर, संयम, चिकाटी, छोटे छोटे आनंद. लिहून टाकतो. लोक ‘मस्त’, ‘सुंदर’ म्हणतात आणि पुढे जातात. इतके दिवस जे आपण त्या झाडापाशी काढले ते कुणाला कळत नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्या झाडाला फूल येतं आणि पुन्हा तेच होतं.

गेल्या वर्षी मी माझी जुनी कॅप्शनं एका बैठकीत ओळीने वाचून काढली. जास्वंद, कृष्णकमळ, कुंडीतलं लिंबू, मोगरा. झाडाचं नाव बोटाने झाकलं तर कुठलं कॅप्शन कशाचं, हे मला स्वतःलाही सांगता येईना. लिंबू आणि मोगरा या दोघांच्या खाली तर शब्दशः एकच वाक्य होतं. लिंबाचं रोप मी चार वर्षं सांभाळलं होतं आणि मोगरा विकत आणल्यावर तीन आठवड्यांत फुलला होता. दोघांना एकच वाक्य कसं काय लागू पडलं? तेव्हापासून मी याच्या मागे लागले. त्यातून जे हाती आलं ते इथे लिहिते आहे, आणि सगळं एकाच झाडाच्या आधाराने, आमच्या अनंताच्या.

आधी तपासणी

कॅप्शन बिघडलंय की नाही हे ओळखायची माझी एकच रीत आहे. झाडाचं नाव झाका आणि उरलेलं वाक्य दुसऱ्या फोटोखाली ठेवून बघा. दहावी पास झालेल्या मुलीचा पेढे वाटतानाचा फोटो घ्या, नव्या घराच्या चावीचा घ्या. ‘संयम ठेवला की सगळं मिळतं’ हे तिन्ही ठिकाणी चालतं. म्हणजे ते तुमच्या झाडाबद्दल नाही. ‘कळ्या धरायच्या आणि गळायच्या’ हे दहावीच्या फोटोखाली चालत नाही. ते झाडाचंच आहे.

दुसरी खूण म्हणजे लोक काय विचारतात. चांगल्या कॅप्शनखाली माणसं प्रश्न विचारतात किंवा स्वतःचं काही सांगतात. ‘आमच्याही गळतात गं, तू पाणी कोणतं घालतेस?’ असं कुणी लिहिलं की समजायचं, वाचलं गेलं. नुसती हृदयं आली तर ती फोटोला आली.

आमच्या अनंताची हकिगत

पुढचं सगळं याच झाडावर तपासायचं आहे, म्हणून हे थोडं सविस्तर.

जून २०२१ मध्ये मी नर्सरीतून अनंताचं रोप आणलं. पुण्यात, तिसऱ्या मजल्यावर, पूर्वेकडची बाल्कनी. आणलं तेव्हा त्याला तीन कळ्या होत्या. अनंताची कळी बघण्यासारखी असते. बाहेर हिरवी, लांब पात्यांची टोपी आणि आत पाकळ्या पिळा दिल्यासारख्या एकमेकींवर गुंडाळलेल्या. आठवड्याभरात तिन्ही कळ्या गळून पडल्या. जागा बदलली की अनंत कळ्या टाकतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला वाटलं, रोपच खराब निघालं.

२०२२ मध्ये एकही कळी नाही. उलट नवी पानं पिवळी यायला लागली, शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा. कुंडीच्या काठावर पांढरी खपली धरली होती. आमच्याकडे उन्हाळ्यात बोअरचं पाणी येतं, जड आणि क्षारांचं. अनंताला आंबट माती लागते. असं पाणी वर्षभर घातलं की मातीचा आंबटपणा कमी होत जातो आणि लोह मातीत असूनही मुळांना उचलता येत नाही. नव्या पानांचा तो पिवळा रंग लोह न मिळाल्याचा असतो.

आई कोकणात राहते. तिच्या अंगणात जांभ्या दगडाची लाल माती आहे आणि अनंत कुंपणाला टेकून डोक्याएवढा वाढलाय. तिला फोन केला तर ती म्हणाली, “अगं, त्याला मी काय घालते? पाऊस पडतो, तेच पाणी. तुझ्या नळाचं पाणी प्यायला तरी बरं आहे का?” तिने उपाय म्हणून काही सांगितलं नव्हतं, सहज बोलली होती. पण त्या पावसाळ्यात मी बाल्कनीच्या कडेला दोन बादल्या ठेवल्या. कुंडीतली निम्मी माती काढून लाल माती, पालापाचोळ्याचं खत आणि कोकोपीट भरलं. लोहाचं चिलेट, म्हणजे मुळांना उचलता येईल अशा रूपातलं लोह, पाकिटावरच्या प्रमाणात पाण्यातून दिलं. दोन महिन्यांनी आलेली पानं गर्द हिरवी होती.

२०२३ मध्ये अकरा कळ्या आल्या. मी रोज मोजत होते. आणि अकराच्या अकरा गळल्या, काही वाटाण्याएवढ्या असताना, काही अगदी पांढरी कड दिसायला लागल्यावर. देठापाशी पिवळी पडायची आणि दुसऱ्या दिवशी कुंडीत. त्या मे महिन्यात मी आठ दिवस गावी गेले होते आणि शेजारच्या काकूंना पाणी घालायला सांगितलं होतं. त्यांनी एक दिवसाआड भरपूर घातलं, प्रेमानेच घातलं. कळी धरलेल्या अनंताला मात्र माती एकदा सुकी एकदा चिखल, हे चालत नाही. त्याला रोज सारखीच ओल लागते.

२०२४ मध्ये सहा कळ्या आल्या. पाच गळल्या. सहावी जूनमध्ये, पहिल्या दोन पावसांनंतरच्या एका सकाळी पूर्ण उमललेली होती.

पहिला प्रयत्न आणि त्यात काय चुकलं

त्या सकाळी मी जे लिहिलं ते असं:

“अखेर संयमाचं फळ! आमचा अनंत बहरला. छोट्या छोट्या गोष्टींतला आनंद.”

हे मी पाठवणार होते. बोट बटणावर होतं. मग वरची तपासणी केली आणि थांबले. यातला शब्द न् शब्द सैल आहे, आणि तो का सैल आहे हे समजलं की अर्धी अडचण सुटते.

‘संयमाचं फळ’ घ्या. फोटो फुलाचा, शब्द फळाचा. बोलताना आपण हा जोड सहज वापरतो आणि कुणाला काही खटकत नाही. पण फोटोखाली तो आला की वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर काहीच उभं राहत नाही, कारण लिहिणाऱ्याने झाडाकडे न बघता तो उचललेला असतो.

‘बहरला’ हा तर चुकीचाच. बहर म्हणजे झाड फुलांनी लगडणं. आंबा मोहरतो, पारिजात बहरतो, रस्त्यावरचा गुलमोहर बहरतो. सहापैकी एक कळी टिकली त्याला बहर म्हणता येत नाही. आपल्या भाषेत यासाठी वेगवेगळे शब्द आहेत आणि ते नेमके आहेत. झाड फुलतं. कळी उमलते. त्याआधी झाड कळी धरतं, मग ती टिकते किंवा गळते. बहर शेवटी, आला तर. माझी खरी गोष्ट ‘टिकली’ या शब्दात होती आणि मी तो सोडून ‘बहरला’ लिहिलं होतं.

‘अखेर’ हा शब्द बातमीतला आहे. ‘अखेर पूल वाहतुकीसाठी खुला’ असं आपण वाचतो. फुलाखाली तो मोठा आणि कोरडा वाटतो. त्याऐवजी लोक ‘एकदाचा फुलला’ लिहितात, पण ‘एकदाचा’ मध्ये वैताग असतो, कटकट संपल्याचा सुस्कारा असतो. तसं वाटत असेल तर जरूर लिहावं. मला तसं वाटत नव्हतं. खरं तर यासाठी वेगळा शब्द लागतच नाही. क्रियापदाचं रूप ते काम करतं. ‘अनंत फुलला’ ही घडून गेलेली गोष्ट. ‘अनंत फुललाय’ म्हणजे आत्ता, या क्षणी, तो तिथे बाल्कनीत आहे. ‘फुलला की!’ म्हणजे मला वाटलं नव्हतं. आधीचं वर्ष आकड्यात सांगितलं असेल, तर ‘अखेर’ वाचणारा स्वतःच मनात म्हणतो.

‘छोट्या छोट्या गोष्टींतला आनंद’ हे चहाच्या कपाखाली, मांजराखाली, पावसाच्या खिडकीखाली, सगळीकडे असतं. इथे छोटी गोष्ट नेमकी कोणती ते सांगायला हवं. तेच पुढचं काम.

लहान यश शोधायचं कुठे

मला बराच काळ वाटायचं की फूल हेच यश, तेव्हा फुलाबद्दल लिहायचं. पण फूल फोटोत दिसतंय. ते पांढरंशुभ्र आहे, पाकळ्या गुलाबासारख्या दाट आहेत, हे बघणाऱ्याला दिसतंच. ते पुन्हा शब्दांत लिहिलं की दोनदा सांगितल्यासारखं होतं. फोटोत जे दिसू शकत नाही ते कॅप्शनने सांगायचं, आणि ते बहुतेक वेळा फुलाच्या आधीचं असतं.

आमच्या अनंताच्या बाबतीत लहान लहान यशं अशी होती: पानं पुन्हा हिरवी झाली तो आठवडा, मातीत नुसती बोटं घालून ओल ओळखता येऊ लागली तो दिवस, पाचवी कळी गळाली तेव्हा सहावीला हात न लावता, कुंडी न हलवता नुसतं राहू दिलं ते. ही सगळी फुलाच्या आधीची आहेत. पण ती आठवतात कुठे? फूल बघताना आपल्याला फक्त फूल आठवतं. म्हणून स्मरणशक्तीवर विसंबायचं नाही, नोंद शोधायची. नोंदवही नसली तरी नोंद असते.

मी फोनमधल्या फोटोंत मागे गेले. गूगल फोटोजमध्ये एखादा फोटो उघडून तो वर सरकवला की खाली तारीख आणि वेळ दिसते. पिवळ्या पानाचा एक फोटो मिळाला, तो मी नर्सरीवाल्याला दाखवायला काढला होता. ओंजळीत गळलेल्या कळ्यांचा एक मिळाला. तो काढल्याचं मला आठवतही नव्हतं. मोजल्या, सात होत्या. उरलेल्या चार कुठे गेल्या ते घरच्या व्हॉट्सॲप गटात सापडलं. तिथे मी ‘आज अजून चार’ असं लिहिलं होतं. गटात शोधताना ‘अनंत’ असं देवनागरीत शोधलं आणि रोमन लिपीत `anant` असंही शोधलं, कारण मी दोन्ही तऱ्हांनी लिहिते. एक सावधगिरी मात्र ठेवा. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोला मूळ काढल्याची तारीख राहत नाही, तो आपल्याकडे आला तो दिवस दिसतो. बहिणीने दोन महिन्यांनी परत पाठवलेला फोटो मी आधी ऑगस्टचा समजले होते. अनंताला ऑगस्टमध्ये इतक्या कळ्या कशा, असा प्रश्न पडला म्हणून चूक लक्षात आली.

ज्यांच्याकडे असं काहीच नसतं त्यांनी हाताला विचारावं. शेजारच्या काकूंना त्यांच्या मोगऱ्याच्या पहिल्या फुलाखाली काही सुचेना. तारखा नाहीत, फोटो नाहीत. मी विचारलं, “काकू, तुम्ही या झाडापाशी रोज काय करत होतात?” त्या म्हणाल्या, “काही नाही गं. सकाळी दूध तापेपर्यंत इथे उभी राहायची. शेंडे बघायची.” मी म्हटलं, हेच लिहा. त्यांनी लिहिलं: “रोज दूध तापेपर्यंत या मोगऱ्यापाशी उभी राहायची. आज दूध उतू गेलं.” यापेक्षा चांगलं मला सुचलं नसतं. यात धीर किती आणि आनंद किती हे सांगायला एकही वेगळा शब्द लागला नाही.

दुसरा प्रयत्न: सगळंच भरलं

नोंदी सापडल्यावर मी उलट्या टोकाला गेले. पाणी, माती, लोह, आईचा फोन, काकू, अकरा कळ्या, सहा कळ्या, दोन बादल्या. दीडशे शब्द झाले. प्रत्येक शब्द खरा होता. धाकट्या बहिणीला वाचायला पाठवलं. तिचं उत्तर आलं, “ताई, छान आहे. पण माझ्या लक्षात एवढंच राहिलं की अकरा कळ्या गळल्या.”

मला हे फार उपयोगी पडलं. कॅप्शन दोनदा वाचून बाजूला ठेवायचं आणि अर्ध्या तासाने न बघता कुणाला तरी तोंडी सांगायचं. जे तोंडात येतं ते ठेवायचं. जे आठवून आठवून जोडावं लागतं ते काढायचं. लोह आणि कोकोपीट मला आठवून जोडावं लागत होतं. ते ज्याला हवं त्याने विचारल्यावर सांगता येतं, आणि तिथे ते जास्त कामाला येतं.

याच ठिकाणी आणखी एक गोष्ट जपायला हवी. कॅप्शन रंगवताना आपण कारणं बनवतो. ‘पावसाचं पाणी घातलं आणि अनंत फुलला’ हे वाक्य छान वाटतं. पण मी माती बदलली, पाणी बदललं, लोह दिलं, पाणी घालायची वेळ ठरवली. चारही गोष्टी होत्या. त्यातल्या कशाने कळी टिकली हे मला ठामपणे म्हणता येत नाही. पानं कशाने हिरवी झाली हे साधारण कळतं, कळीचं तसं नाही. एकाच गोष्टीला श्रेय दिलं की वाचणारा तेवढीच करतो, त्याचं झाड फुलत नाही, आणि तो समजतो आपलंच कुठेतरी चुकलं. म्हणून काय केलं ते लिहावं, ‘म्हणून’ हा शब्द मात्र जपून वापरावा.

तिसरा प्रयत्न

अकरा हा आकडा घेतला. त्याला यंदाचा आकडा जोडला. फुलाला विशेषण दिलं नाही.

“मागच्या वर्षी अकरा कळ्या आल्या, अकरा गळल्या. यंदा सहा आल्या, पाच गळल्या. ही सहावी.”

हे मी पाठवलं. यात ‘मी’ नाही. आधीच्या खर्ड्यात मी तीन वेळा होते: मी आणलं, मी मोजलं, मी माती बदलली. मराठीत कर्ता गाळला तरी वाक्य उभं राहतं, आणि इथे कळ्यांनाच कर्ता केल्यावर बघणाऱ्याची नजर झाडावरून हलत नाही. ‘ही सहावी’ हे दोन शब्द वाचले की माणूस परत वर फोटोकडे जातो. तो परत वर गेला पाहिजे, एवढंच मला कॅप्शनकडून हवं होतं.

शेवटचा शब्द मी बराच वेळ बदलत होते. ‘हे एकच फूल’ असं लिहिलं होतं. ‘एकच’ मध्ये तक्रार येते, जणू आणखी यायला हवी होती आणि आली नाहीत. लहान यशाबद्दल लिहिताना आपण नकळत अशी माफी मागतो: ‘एकच आलंय, पण...’ तो ‘च’ आणि तो ‘पण’ काढून टाका. ‘पहिलं फूल’ म्हटलं की दुसरं येणार असं वचन दिल्यासारखं होतं, आणि अनंताच्या वतीने मी वचन कसं देणार. ‘सहावी’ मध्ये फक्त मोजणी आहे. रोज कुंडीपाशी उभं राहून केलेली मोजणी.

आणखी एक मोह टाळला तो नावाचा. अनंत नावाच्या झाडाखाली ‘अनंत प्रतीक्षा’, ‘अनंत आनंद’ लिहायचा मोह प्रत्येकाला होतो, मलाही झाला. तो शब्दाचा खेळ वाचणाऱ्याला आधीच ठाऊक असतो. शिवाय ती प्रतीक्षा अनंत नव्हती. तीन वर्षं होती, आणि तीन वर्षं हे जास्त खरं वाटतं.

फोटो आणि ओळ एकमेकांना धरून आहेत का

कधी कॅप्शन बरोबर असतं आणि फोटो त्याला साथ देत नाही. मी त्या सकाळी अकरा फोटो काढले होते. सर्वांत देखणा होता तो फुलाचा अगदी जवळून काढलेला, मागचं सगळं धूसर. पण ‘ही सहावी’ म्हणायचं तर बाकीच्या पाचांची जागा कुठेतरी दिसायला हवी. मी जरा मागून काढलेला फोटो निवडला. त्यात फुलाशेजारच्या फांदीच्या टोकाला कळी गळून उरलेलं बोडकं देठ दिसतं, आणि कुंडीच्या काठावरची जुनी पांढरी खपलीही. देखणेपणात तो दुसरा होता, पण ओळीला हवा होता तोच.

पांढऱ्या फुलाचा फोटो उन्हात काढू नका. पाकळ्यांच्या कडा नाहीशा होतात आणि नुसता पांढरा डाग उरतो. सकाळी ऊन बाल्कनीत यायच्या आधी काढावा, फुलावर बोट टेकवून उजेड जरा कमी करावा. अनंताचं फूल दुसऱ्या दिवशी साईच्या रंगाचं होतं आणि नंतर पिवळट पडतं. तेव्हा पांढरं हवं असेल तर पहिलाच दिवस. पण पिवळट झालेल्या फुलाचा फोटोही ठेवून द्या. मी तो दोन दिवसांनी आईला पाठवला, खाली फक्त लिहिलं, “अजून वास आहे.” आईने फोन केला. तिला दुसरं काही सांगावं लागलं नाही.

कुठे टाकणार त्यानुसार

इन्स्टाग्रामवर २२०० अक्षरं लिहिता येतात, पण स्क्रोल करणाऱ्याला सुरुवातीचा तुकडाच दिसतो. उरलेलं उघडावं लागतं. म्हणून ‘नमस्कार मंडळी, आज एक आनंदाची बातमी’ अशी सुरुवात केली की गोष्ट आत दडून बसते. कळ्यांचा आकडा पहिल्याच शब्दांत यायला हवा. मातीचं, पाण्याचं सांगायचं असेल तर एक ओळ मोकळी सोडून खाली लिहावं. हॅशटॅग सगळ्यांत शेवटी, दोन-तीन पुरतात.

व्हॉट्सॲप स्टेटसला लोक काही क्षण थांबतात, म्हणून तिथे मी आणखी कापलं: “सहा कळ्या. पाच गळल्या. ही सहावी.” घरच्या गटात याची गरजच नव्हती. तिथे सगळ्यांना अकरा कळ्यांचं दुःख माहीत होतं. तिथे लिहिलं, “टिकली!” आणि तेवढं पुरलं. ज्यांना मागचं ठाऊक आहे त्यांना मागचं सांगायचं नाही.

इथे हा उपाय चालत नाही

झाड आणलं आणि महिन्याभरात फुललं, तर संयमाचं कॅप्शन लिहू नका. धीर धरलेलाच नसतो. माझ्या त्या मोगऱ्याखाली मी तेच केलं होतं, म्हणून ते खोटं वाटत होतं. तिथे सरळ आश्चर्य लिहावं. नर्सरीत कळ्यांसकट मिळालेलं झाड घरी आल्यावर फुललं, तर ते श्रम बहुतेक नर्सरीतल्या माळ्याचे असतात.

नावाचीही खात्री करून घ्या. रात्री उमलणारं, कुंडीत लावतो ते ब्रह्मकमळ निवडुंगाच्या कुळातलं आहे. हिमालयात उंचावर उगवणारं ब्रह्मकमळ वेगळं. सात वर्षं वाट बघून फुललेल्या फुलाखाली ‘हिमालयातलं दुर्मिळ फूल आमच्या गॅलरीत’ असं लिहिलं की खालची सगळी चर्चा त्या चुकीवरच होते आणि सात वर्षं बाजूला राहतात. ‘सात वर्षं नुसती पानं’ एवढं लिहिलं असतं तरी ते पुरलं असतं.

२०२४ च्या त्या फोटोखाली सर्वांत आधी कुणी लिहिलं ते आठवतं. एका ताईंनी विचारलं, “बाकीच्या पाच कधी गळल्या? पांढरी कड दिसल्यावर की आधी?” त्यांच्याकडेही अनंत आहे, चौथं वर्ष. मग आम्ही दोघी पाण्यावर बोललो, मातीवर बोललो, लोहाचं चिलेट किती आणि कधी हे बोललो. कॅप्शनमधून काढून टाकलेलं सगळं तिथे कामाला आलं.

आता मी कुंडीला पुठ्ठ्याची एक पट्टी खोचून ठेवली आहे. कळी दिसली की तारीख, गळाली की तारीख. यंदा चौदा आल्या आहेत. आज सकाळपर्यंत तीन गळल्या.